क्विकसॉर्टमधील पिव्होटची निवड : शेवटचा, मधला, यादृच्छिक की तिघांचा मध्यक?

क्विकसॉर्ट स्वतः लिहायची वेळ आली की सर्वांत आधी एक निर्णय घ्यावा लागतो : ज्याच्याशी बाकीच्या घटकांची तुलना करून यादीचे दोन भाग पाडायचे, तो पिव्होट कोणता घ्यायचा? निर्णय कोडच्या एका-दोन ओळींत बसतो, त्यामुळे तो किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात याच ओळींवरून ठरते की 10 लाख नोंदींची क्रमवारी क्षणात लागेल की तासाभराहून अधिक वेळ चालत राहील. या लेखात चार प्रचलित निवडी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आहेत. प्रत्येकीला एकच प्रश्न आधी विचारला आहे : यादी आधीच चढत्या क्रमात असेल, तर तुझे काय होते? हा प्रश्न मुद्दाम पहिला ठेवला आहे, कारण क्विकसॉर्ट कोलमडण्याचे व्यवहारात सर्वाधिक आढळणारे कारण हेच आहे आणि ते नीट समजले की बाकीच्या निवडींचे गुणदोष आपोआप उलगडतात.

क्रमाने लावलेली यादी नेमके काय बिघडवते

पाठ्यपुस्तकांत बहुधा निको लोमुटो यांच्या नावाने ओळखली जाणारी विभाजनाची पद्धत दिलेली असते. तीत शेवटचा घटक पिव्होट असतो आणि डावीकडून एकेक घटक तपासत, पिव्होटपेक्षा मोठे नसलेले घटक पुढच्या बाजूला गोळा केले जातात. पायथॉनमध्ये ती अशी लिहिता येते :

```python
def partition(a, lo, hi):
    p = a[hi]
    i = lo
    for j in range(lo, hi):
        if a[j] <= p:
            a[i], a[j] = a[j], a[i]
            i += 1
    a[i], a[hi] = a[hi], a[i]
    return i
```

हे फंक्शन पिव्होट जिथे कायमचा बसला ती जागा परत देते. त्यानंतर डाव्या आणि उजव्या भागावर हीच क्रिया पुन्हा केली जाते. एका फेरीत पिव्होट सोडून प्रत्येक घटकाशी एक तुलना होते, म्हणजे भागात k घटक असतील तर k − 1 तुलना. हा खर्च टाळता येत नाही. त्या खर्चाच्या बदल्यात काय पदरात पडते, हे मात्र पिव्होटवर अवलंबून असते. पिव्होट मधोमध बसला तर उरलेले काम दोन अर्ध्या भागांत वाटले जाते, आणि प्रत्येक पातळीवर भाग अर्धे होत गेल्यामुळे पातळ्यांची संख्या साधारण log₂n इतकीच राहते. पिव्होट टोकाला बसला तर एका भागात काहीच उरत नाही, दुसऱ्यात एक सोडून सर्व काही उरते.

आता 1 ते 10 हे आकडे चढत्या क्रमानेच या फंक्शनला देऊन पाहू. पिव्होट 10. बाकीचे नऊही घटक त्याच्यापेक्षा लहान, म्हणून `a[j] <= p` ही अट नऊ वेळा खरी ठरते आणि नऊ वेळा घटकाची स्वतःशीच अदलाबदल होते. शेवटी 10 जिथे होता तिथेच राहतो. डाव्या भागात 1 ते 9, उजवा भाग रिकामा. पुढच्या फेरीत पिव्होट 9, आठ तुलना, डाव्या भागात 1 ते 8. असे करत एकूण तुलना 9 + 8 + 7 + … + 1 = 45 होतात, आणि एकही घटक जागचा हललेला नसतो. हाच हिशेब n घटकांसाठी n(n − 1)/2 असा येतो. फेरी जितके कमी करू शकते तितके कमी प्रत्येक फेरीत झाले, म्हणून याहून वाईट स्थिती या पद्धतीला शक्यच नाही.

त्याच दहा आकड्यांवर प्रत्येक वेळी मधला घटक पिव्होट घेतला, तर पहिल्या फेरीत नऊ तुलना होऊन डावीकडे 4 आणि उजवीकडे 5 घटक उरतात. चार घटकांच्या भागाला एकूण 4 आणि पाच घटकांच्या भागाला एकूण 6 तुलना लागतात, म्हणजे सारे मिळून 19. दहा घटकांत 45 आणि 19 हा फरक फार भयंकर वाटत नाही, आणि याच कारणाने लहान चाचण्यांत हा दोष नजरेतून सुटतो. घटक 10 लाख असतील तर शेवटच्या पिव्होटला 4,99,99,95,00,000 तुलना लागतात, म्हणजे सुमारे 50 हजार कोटी. चांगल्या विभाजनात हा आकडा दोन ते अडीच कोटींच्या आसपास राहतो. सेकंदाला 10 कोटी तुलना होतात असे धरले, तर दुसऱ्या कामाला पाव सेकंद आणि पहिल्याला सुमारे 83 मिनिटे लागतील.

पहिला किंवा शेवटचा घटक

ही निवड सर्वांत सोपी आहे आणि घटक खरोखरच अस्ताव्यस्त असतील तर ती पूर्णपणे चालते. यादीतील क्रम यादृच्छिक असेल तर शेवटचा घटक हाही एक यादृच्छिक घटकच असतो, आणि सरासरी तुलना साधारण 1.39 × n × log₂n इतक्या होतात. तिच्या विरोधातला आक्षेप गणिताचा नाही, व्यवहाराचा आहे : माणसांनी आणि प्रणालींनी साठवलेला डेटा अस्ताव्यस्त क्वचितच असतो. व्यवहारांची नोंद तारखेनुसार होते, गुण बैठक क्रमांकानुसार भरले जातात, डेटाबेसमधून आलेली यादी बऱ्याचदा प्राथमिक कीच्या क्रमाने येते. शिवाय वापरकर्ता एकदा क्रमवारी लावलेल्या तक्त्यावर पुन्हा तेच बटण दाबतो. म्हणजे ज्या इनपुटवर ही निवड सर्वांत मंद आहे, तेच इनपुट प्रत्यक्षात सर्वांत सहज समोर येते.

उतरत्या क्रमाची यादी दिल्यास सुटका होईल असे काहींना वाटते. तसे होत नाही. शेवटचा घटक तेव्हा सर्वांत लहान असतो, डावा भाग रिकामा राहतो आणि उजवीकडे n − 1 घटक जातात. पुढे टोकाचे घटकच आलटून पालटून पिव्होट होत राहतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यादी अगदी तंतोतंत क्रमात असण्याचीही गरज नाही. क्रमाने लावलेल्या यादीच्या शेवटी एक नवी नोंद जोडली, हा रोजचा प्रसंग घेऊ :

```
1 2 3 4 6 7 8 9 10 5
1 2 3 4 | 5 | 7 8 9 10 6
                6 | 8 9 10 7
                    7 | 9 10 8
```

पहिल्या फेरीत पिव्होट 5 छान मधोमध बसला आणि वाटले की संकट टळले. पण डाव्या भागात 1 2 3 4 हे चढत्या क्रमातच आहेत, त्यामुळे तिथे प्रत्येक फेरी पुन्हा एकच घटक कमी करते. उजव्या भागाचे वर्तन आणखी लक्ष देण्यासारखे आहे. 5 ला जागेवर बसवताना 6 शेवटी फेकला गेला, आणि तो त्या भागातला सर्वांत लहान घटक आहे. तोच पुढचा पिव्होट होतो, पहिल्या जागेवर जातो आणि जाताना 7 ला शेवटी पाठवतो. आता 7 सर्वांत लहान आणि तोच पिव्होट. ही साखळी भाग संपेपर्यंत तुटत नाही. एकूण तुलना 9 + 6 + 10 = 25 होतात. मधोमध बसलेल्या एका पिव्होटमुळे 45 वरून 25 वर आलो खरे, पण दोन्ही भागांतील खर्च आपापल्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणातच राहिला. म्हणून “आमचा डेटा पूर्ण क्रमात नसतो” हे उत्तर या निवडीच्या बचावाला पुरेसे नाही.

वेळेच्या आधी बहुधा स्टॅक संपतो, हेही इथेच सांगायला हवे. प्रत्येक फेरीत एकच घटक कमी होत असेल तर रिकर्शनची खोली n इतकी जाते. पायथॉनची मूळ मर्यादा 1000 असल्यामुळे हजारेक घटकांची क्रमाने लावलेली यादी दिली तरी `RecursionError: maximum recursion depth exceeded` हा संदेश दिसतो. सी भाषेत असा सौजन्याचा संदेशही मिळत नाही, प्रोग्राम सरळ कोसळतो. यावर एक प्रसिद्ध उपाय आहे : दोनपैकी लहान भागावरच रिकर्शन करायचे आणि मोठा भाग त्याच फंक्शनमध्ये लूपने पुढे चालवायचा. त्यामुळे खोली log₂n च्या पुढे जात नाही, 10 लाख घटकांना ती 20 च्या आत राहते. हा उपाय अवश्य करावा, परंतु त्याने तुलनांची संख्या एकानेही कमी होत नाही. कोसळणारा प्रोग्राम फक्त न कोसळता तासभर चालू लागतो, आणि देखरेख करणाऱ्याच्या दृष्टीने हे कधीकधी अधिक फसवे ठरते.

मधल्या जागेवरचा घटक

क्रमाने लावलेल्या यादीवर हा सर्वोत्तम पिव्होट आहे, कारण जागेने मधला असलेला घटक तिथे किमतीनेही मधलाच असतो. वरील `partition` न बदलता आधी मधल्या घटकाची शेवटच्याशी अदलाबदल करायची, एवढेच काम. चढत्या यादीत ही अदलाबदल विभाजनाच्या शेवटी आपोआप उलटी होते, त्यामुळे पुढचे भागही क्रमातच राहतात आणि प्रत्येक पातळीवर समान वाटणी होत जाते. मधली जागा काढताना सी किंवा जावामध्ये `(lo + hi) / 2` ऐवजी `lo + (hi - lo) / 2` लिहावे, नाहीतर फार मोठ्या ॲरेवर बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते.

मग प्रश्न इथेच सुटला का? नाही, तो फक्त दुसरीकडे सरकला. आधी चढत जाणारी आणि मग उतरत जाणारी यादी घ्या : 1 2 3 4 5 5 4 3 2 1. मधल्या जागेवर आता सर्वांत मोठा घटक आहे. पहिल्या फेरीत नऊच्या नऊ घटक एकाच बाजूला जातात. त्या फेरीत शेवटचा 1 मधल्या रिकाम्या जागी आलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीत तो सर्वांत लहान घटकच पिव्होट होतो आणि वाटणी 1 विरुद्ध 7 अशी पडते. हे उदाहरण कागदावरचे नाही. 1991 साली बेल लॅब्समधील ॲलन विल्क्स आणि रिक बेकर यांना असे दिसले की काही मिनिटांत संपायला हवे असलेले, सी भाषेच्या ग्रंथालयातील `qsort` या क्रमवारीच्या फंक्शनचे काम तासन् तास चालले आहे, आणि शोध घेतल्यावर अशाच चढ-उताराच्या, ऑर्गनच्या नळ्यांसारख्या आकाराच्या यादीवर ते वर्गाच्या प्रमाणात तुलना करते असे आढळले. त्यातूनच जॉन बेंटली आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी `qsort` नव्याने रचले आणि ते काम 1993 साली प्रसिद्ध झाले.

माझ्या मते मधला घटक ही निवड शेवटच्या घटकापेक्षा निःसंशय चांगली आहे, कारण ती सर्वांत संभाव्य वाईट इनपुट टाळते आणि त्यासाठी जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पण तिच्या मागे हमी कोणतीही नाही.

यादृच्छिक पिव्होट

इथे मूळ विचारच बदलतो. वरील दोन्ही निवडींत “वाईट यादी” अशी एक निश्चित यादी अस्तित्वात असते. पिव्होटची जागा प्रत्येक वेळी यादृच्छिक संख्येने ठरवली तर अशी कोणतीही निश्चित यादी उरत नाही. चढती, उतरती, चढ-उताराची, कोणतीही यादी असो, घटक वेगवेगळे असतील तर अपेक्षित तुलना तितक्याच, साधारण 1.39 × n × log₂n. टोनी होर यांनी 1961 साली विभाजनाची मूळ पद्धत प्रसिद्ध केली तीतही पिव्होट यादृच्छिकच निवडलेला होता. शेवटचा घटक घेण्याची सवय नंतर, मांडणीच्या सोयीसाठी रुजली.

```python
m = random.randint(lo, hi)
a[m], a[hi] = a[hi], a[m]
```

दुर्दैवाने प्रत्येक वेळी टोकाचाच घटक निवडला गेला तर वाईट स्थिती येथेही येते, हे खरे आहे. त्याची शक्यता मोजता येते. k घटकांत दोनच टोके असल्यामुळे एका फेरीत टोक निवडले जाण्याची शक्यता 2/k आहे, आणि सर्व फेऱ्यांत तेच घडण्याची शक्यता 2ⁿ⁻¹/n! येते. दहा घटकांसाठी ती सुमारे 7,000 मध्ये एक आहे, पण वीस घटकांसाठीच ती साडेचार लाख कोटींमध्ये एक इतकी खाली जाते. लाखो घटकांच्या बाबतीत या शक्यतेची चिंता करण्याचे कारण नाही. पूर्ण वाईट नव्हे पण बऱ्यापैकी वाईट स्थितीची शक्यताही याच रीतीने झपाट्याने घटते.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे प्रत्येक विभाजनाआधी यादृच्छिक संख्या काढावी लागते. लहान भाग, समजा 16 घटकांच्या आतले, इन्सर्शन सॉर्टकडे सोपवले तर हा खर्च बराच आवरतो, कारण सर्वाधिक फेऱ्या या लहान भागांवरच होत असतात. दुसरी किंमत पुनरावृत्तीची. तुलनेच्या फंक्शनमध्ये दोष असेल तर एका धावेत दिसलेली चूक दुसऱ्या धावेत दिसेलच असे नाही. यासाठी काही जण सीड कायमचा ठरवून टाकतात. चाचणीत ते योग्य आहे. परंतु जिथे इनपुट परक्या माणसाकडून येते तिथे ठरलेला सीड म्हणजे ठरलेला पिव्होट, आणि त्यातला क्रम हुडकून त्याच्याविरुद्ध यादी रचता येते.

तिघांचा मध्यक

पहिला, मधला आणि शेवटचा या तीन घटकांपैकी किमतीने मधला असलेला घटक पिव्होट घ्यायचा, ही चौथी निवड. रिचर्ड सिंगलटन यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या क्रमवारीच्या प्रोग्राममध्ये ती वापरलेली आहे, आणि पुढे रॉबर्ट सेजविक यांनी तिचे सविस्तर विश्लेषण केले.

```python
m = lo + (hi - lo) // 2
if a[m] < a[lo]: a[m], a[lo] = a[lo], a[m]
if a[hi] < a[lo]: a[hi], a[lo] = a[lo], a[hi]
if a[m] < a[hi]: a[m], a[hi] = a[hi], a[m]
```

या ओळींनंतर तिघांतला मध्यक `a[hi]` मध्ये येतो आणि वरील `partition` जसेच्या तसे चालते. चढत्या यादीत हा मध्यक म्हणजे मधलाच घटक, त्यामुळे वाटणी समान पडते. उतरत्या यादीतही पहिला पिव्होट मधलाच मिळतो. शिवाय अस्ताव्यस्त यादीवरही ही निवड यादृच्छिकापेक्षा सरस आहे : तीन घटकांचा मध्यक टोकाजवळ असण्याची शक्यता एका घटकापेक्षा कमी असते, म्हणून सरासरी तुलना 1.39 ऐवजी सुमारे 1.19 × n × log₂n इतक्या होतात. यादृच्छिक संख्याही लागत नाही आणि प्रत्येक धाव हुबेहूब तशीच होते. वेग आणि साधेपणा या दोन्ही कसोट्यांवर चौघांत हीच निवड पुढे आहे, असे मला वाटते.

मात्र तिच्याकडून मिळणारी हमी किती आहे हे नीट पाहायला हवे. घटक वेगवेगळे असतील तर पिव्होटच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक घटक राहील, एवढेच ती सांगते. प्रत्येक वेळी तेवढेच घडले तर एका फेरीत पिव्होट धरून दोन घटक कमी होतात आणि एकूण तुलना n²/4 च्या आसपास जातात. निम्मी बचत, पण वाढ वर्गाचीच. वरच्या चढ-उताराच्या यादीत पहिला घटक 1, मधला 5 आणि शेवटचा 1, म्हणजे मध्यक 1, आणि पहिलाच पिव्होट तळाचा. डेव्हिड मसर यांनी 1997 साली तर या निवडीला मुद्दाम अडकवणारी यादी कशी रचायची हेच दाखवले. नऊ घटक घेऊन त्यांतून तीन-तीनचे मध्यक आणि त्या मध्यकांचा मध्यक काढण्याची जॉन ट्युकी यांची पद्धत बेंटली आणि मॅकिलरॉय यांनी 40 हून मोठ्या भागांसाठी वापरली. तिने टोकाचा पिव्होट आणखी दुर्मीळ होतो, पण हमीचे स्वरूप तेच राहते.

पुढे 1999 साली मॅकिलरॉय यांनी या साऱ्या प्रयत्नांची मर्यादाच दाखवून दिली. त्यांची युक्ती तुलनेच्या फंक्शनमध्ये आहे. घटकांच्या किमती ते आधी ठरवतच नाहीत. दोन न ठरलेल्या घटकांची तुलना विचारली गेली की त्यांतला जो पिव्होट होण्याची चिन्हे दिसतात त्याला उरलेल्यांतील सर्वांत लहान किंमत देऊन टाकतात. परिणामी पिव्होट निवडण्यासाठी ठरावीक मोजकेच घटक पाहणारे कोणतेही क्विकसॉर्ट त्या धावेत वर्गाच्या वेगाने जाते. यादृच्छिक पिव्होटही त्या धावेपुरता अडकतो, पण फरक असा की ती तयार झालेली यादी पुढच्या धावेत त्याला अडकवू शकत नाही, आणि ठरावीक नियमाचा पिव्होट मात्र त्याच यादीवर दर वेळी अडकतो. स्पर्धात्मक प्रोग्रामिंगमध्ये हे प्रत्यक्ष घडत आले आहे : जावामधील `int[]` साठीच्या `Arrays.sort` चा पिव्होटचा नियम ठरलेला असल्यामुळे कोडफोर्सेसवर त्याच्याविरुद्ध रचलेल्या याद्या चाचणी म्हणून दिल्या जात. जावाच्या 14 व्या आवृत्तीपासून अशा वेळी हीपसॉर्टकडे वळण्याची सोय आली.

पिव्होट कितीही चांगला निवडला तरी न सुटणारी अडचण

यादीत समान किमती भरपूर असतील तर वरील चारही निवडी एकसारख्याच अपयशी ठरतात, आणि निर्णय घेताना हा मुद्दा सर्रास विसरला जातो. दहाही घटक 7 असतील तर कोणताही पिव्होट घ्या, तो 7 च असणार, `a[j] <= p` ही अट प्रत्येक वेळी खरी ठरणार आणि सगळे घटक एकाच बाजूला जाणार. तुलना पुन्हा 45. इथे दोष विभाजनाचा आहे, निवडीचा नाही.

हे टोकाचे उदाहरण वाटत असेल तर 1 लाख विद्यार्थ्यांचे 100 पैकी पूर्णांकात दिलेले गुण घ्या. वेगळ्या किमती जास्तीत जास्त 101, म्हणजे एका किमतीचे सरासरी हजारेक घटक. वेगवेगळ्या किमती एकमेकींपासून लवकर विलग होतात, पण समान गुणांच्या प्रत्येक गटावर सुमारे 5 लाख तुलना खर्च होतात आणि गट शंभराच्या आसपास असल्याने एकूण खर्च 5 कोटींवर जातो. n × log₂n हा आकडा इथे साधारण 17 लाख आहे. गुण प्रत्यक्षात काही थोड्या किमतींभोवती एकवटलेले असतात, त्यामुळे खरा खर्च याहूनही अधिक होतो.

उपाय दोन आहेत. होर यांच्या मूळ विभाजनात दोन निर्देशक दोन्ही टोकांकडून एकमेकांकडे येतात. पिव्होटइतकाच घटक भेटल्यावर ते थांबतील अशी अट लिहिली तर समान घटक दोन्ही बाजूंना वाटले जातात. दुसरा उपाय म्हणजे यादीचे तीन भाग पाडणे, लहान, समान आणि मोठे, आणि समान भागाला पुन्हा हातच न लावणे. गुणांसारख्या डेटासाठी दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे, कारण तिथे वेगळ्या किमती जितक्या कमी तितके काम लवकर संपते.

निर्णय कसा घ्यावा

भाषेच्या ग्रंथालयातील क्रमवारी वापरता येत असेल तर तीच वापरावी. पायथॉनच्या `sorted` मागे टिमसॉर्ट आहे आणि ते क्रमाने लावलेली यादी एका फेरीत ओळखते. गोच्या 1.19 आवृत्तीपासून `sort` पॅकेजमधील क्विकसॉर्टला असे इनपुट ओळखण्याची आणि वाईट वाटण्या मोजण्याची सोय आहे. सी++ मध्ये `std::sort` ने वाईट स्थितीतही n log n च्या प्रमाणात राहिले पाहिजे, असे 2011 पासूनचे मानक सांगते.

स्वतः लिहायचेच असेल, उदाहरणार्थ लहान उपकरणासाठी, वेगळ्या रचनेच्या डेटासाठी किंवा अभ्यासासाठी, तर पहिला प्रश्न इनपुट कोणाकडून येते हा विचारावा. ते बाहेरच्या कोणाकडूनही येऊ शकत असेल आणि कोड थोडक्यात ठेवायचा असेल, तर यादृच्छिक पिव्होट घ्यावा, सीड ठरवून ठेवू नये आणि विभाजन तीन भागांचे करावे. इनपुट आपल्याच प्रणालीतून येत असेल आणि वेग महत्त्वाचा असेल, तर तिघांचा मध्यक घ्यावा, पण त्याला मसर यांच्या इन्ट्रोसॉर्टची जोड द्यावी. ती जोड अगदी छोटी आहे : सुरुवातीला 2 × log₂n ही खोलीची मर्यादा ठरवायची, प्रत्येक विभाजनाला ती एकाने कमी करायची आणि शून्यावर आली की तो भाग हीपसॉर्टकडे द्यायचा. 1 लाख घटकांना log₂n चा पूर्णांक भाग 16 असल्याने ही मर्यादा 32 येते. मसर यांनी तेवढ्याच लांबीच्या अडकवणाऱ्या यादीवर मोजले तेव्हा 32 विभाजनांनंतर हीपसॉर्ट सुरू झाले आणि लागलेला वेळ निव्वळ तिघांच्या मध्यकाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी होता. नेहमीच्या यादीवर ही मर्यादा बहुधा कधीच गाठली जात नाही, त्यामुळे तिचा खर्च एका गणकाइतकाच आहे. हीपसॉर्ट लिहिणे टाळायचे असेल तर मर्यादा गाठल्यावर त्या भागापुरता यादृच्छिक पिव्होट सुरू करणे हा मधला मार्ग आहे, मात्र त्याला पक्की हमी म्हणता येणार नाही.

निवड कोणतीही केली तरी ती तपासून पाहण्याची पद्धत एकच आहे. तुलनेच्या फंक्शनमध्ये एक गणक ठेवावा आणि यादृच्छिक, चढती, उतरती, शेवटी एक नवी नोंद असलेली, चढ-उताराची आणि सर्व समान घटकांची अशा याद्यांवर आधी 10 हजार आणि मग 20 हजार घटकांनिशी तुलना मोजाव्यात. वेळेपेक्षा तुलनांचा आकडा विश्वासार्ह असतो, कारण यंत्रावरच्या इतर कामांचा त्यावर परिणाम होत नाही. घटक दुप्पट झाल्यावर गणक दुपटीहून किंचितच वाढला तर विभाजन ठीक आहे. तो चौपट झाला तर त्या यादीवर वर्गाची वाढ सुरू झाली आहे. मग तेवढ्यासाठी प्रत्येक फेरीतील दोन्ही भागांच्या लांबी छापून पाहाव्यात : भाग 9,999, 9,998, 9,997 असे एकेकाने घटत असतील आणि यादीतील किमती वेगवेगळ्या असतील तर पिव्होट बदलावा, आणि किमती समान असतील तर पिव्होटला हात न लावता विभाजन बदलावे.